माझ्या मोबाईलमधली गाडी

मी एकदा गाडीत बसलेल्या माणसाशी भांडले होते, की तुमची गाडी हललेलीच नाही. तो बिचारा खिडकीतून मागं पळणारे खांब बघत होता, आणि मी घरी चहा पीत होते. वर मीच त्याला येड्यात काढलं. आजही आमच्या डब्यात कुणी जास्त शहाणपणा करायला लागलं, की दुसरा हळूच विचारतो, "गाडी चालू आहे ना, ताई?" मग सगळा डबा हसतो आणि मला खिडकीबाहेर बघावं लागतं.

आमची वारी रोजची. सकाळी पॅसेंजरनं जालना, संध्याकाळी परत. आम्ही त्याला अपडाऊन म्हणतो. मी जालन्याच्या एका सरकारी कचेरीत क्लार्क आहे, आणि घर इकडं संभाजीनगरात, गारखेड्याच्या पार टोकाला, रुळाला लागून. मागच्या गॅलरीतून गाड्या दिसतात. घर घेताना नवरा म्हणाला होता, आवाजाचा त्रास होईल. मी म्हटलं, उलट सोय होईल, गाडी दिसली की निघायचं. त्यात एक बारीकशी अडचण होती. गाडी दिसल्यावर निघालं, तर ती सापडत नाही.

गाडी मेन स्टेशनहून निघते, आमच्या घरामागून जाते आणि मुकुंदवाडीला थांबते. मी स्कूटीवर मुकुंदवाडी गाठायची, स्टँडला स्कूटी लावायची आणि चढायचं. हे जमवायला गाडी नेमकी कुठं आहे ते कळणं फार गरजेचं. म्हणून मोबाईलमधलं ते गाडी दाखवणारं अ‍ॅप आलं, तेव्हा आमच्या ग्रुपात सगळ्यात आधी मी घेतलं. सगळ्यांना शिकवलंही मीच. पास मोबाईलवर कसा काढायचा, टीसी आला की फोटो नाही, अ‍ॅपच उघडून दाखवायचं, हे सगळं. आमच्यातले एक बँकवाले आहेत. त्यांचा पास संपला होता आणि ते फलाटावर उभं राहून तिकीट काढत होते. तिकिटाचं अ‍ॅप म्हणालं, तुम्ही स्टेशनात आहात, इथून तिकीट निघणार नाही. मी ऐटीत सांगितलं, बाहेर जा, रस्त्यावरून काढा. ते बाहेर गेले, तिकीट काढलं, परत येईपर्यंत गाडी गेली. स्टेशनातच भिंतीवर एक चौकोनी कोड लावलेला असतो, तो स्कॅन केला की आतूनही तिकीट निघतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्यांना सांगितलं नाही.

या सगळ्या शिकवणीला एकच माणूस बधला नाही. आमच्या कचेरीतले शिपाई काका.

काका मुकुंदवाडीतच राहायचे, स्टेशनच्या मागच्या वस्तीत. कागदी पास प्लास्टिकच्या पाकिटात, त्यावर आयकार्ड, दोन्ही शर्टाच्या खिशात. गाडीच्या अर्धा तास आधी फलाटावरच्या ठरलेल्या बाकावर. मी अ‍ॅप दाखवायला गेले की म्हणायचे, "ताई, गाडी येती तव्हा आवाज येतो. मोबाईल कशाला लागतो?" कचेरीची किल्ली त्यांच्याकडे असायची. साडेनऊला कुलूप उघडायचं, खिडक्या उघडायच्या, साहेबांच्या टेबलावर फडकं मारायचं. एकतीस वर्षांत त्यांना एकही लेटमार्क नव्हता. माझ्याबद्दल विचारू नका. माझ्या लेटमार्कांवर आमच्या कचेरीत एक वेगळी फाईल काढता आली असती.

त्यांच्या रिटायरमेंटच्या आदल्या दिवशी गाडीत ते म्हणाले, "उद्या शेवटचं कुलूप. उद्या उघडतो आन् किल्ली सायबाच्या हातात देतो. मंग आपण मोकळं." आणि खिशातली किल्ली काढून आम्हाला दाखवली, जशी काही आम्ही ती रोज बघत नव्हतो. पासही त्यांनी असा काढला होता, की तो त्याच दिवशी संपेल. माणूस सगळं बेतून करायचा. मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला. आपल्याला असं एकही काम नीट संपवता येत नाही, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाच कमी असताना मी अ‍ॅप बघितलं. गाडी पंधरा मिनिटं लेट, अजून मेन स्टेशनच्या अलीकडं. हे खरं होतं, तोपर्यंत अ‍ॅपचं काही चुकलं नव्हतं. म्हटलं, चला, आज निवांत चहा. चहा ठेवला, गॅसवर दूध बघत पुन्हा अ‍ॅप उघडलं. त्यात एक प्रश्न येतो, तुम्ही गाडीत आहात का? रोज मी गाडीत बसल्यावर तो प्रश्न येतो आणि रोज मी हो म्हणते. बोटाला सवय लागली होती. बोटानं हो म्हणून टाकलं. मी दुधाकडं बघत होते, मला पत्ताही नाही.

आता यातली गोम अशी, की एकदा हो म्हटलं, की ते अ‍ॅप बाकी कुणाला विचारत नाही. मोबाईल जिथं, तिथं गाडी. मोबाईल टॉवरवरून आपली जागा शोधतं आणि तीच गाडीची जागा म्हणून दाखवतं. माझं घर जर रुळापासून लांब, गावात पैठण गेटला असतं, तर त्याला संशय आला असता. पण घर रुळाला चिकटून. त्यामुळं त्याचं समाधान झालं. गाडी मेन स्टेशन सोडून मुकुंदवाडीच्या वाटेवर उभी आहे, असं त्यानं मला दाखवलं. म्हणजे माझ्या ओट्याजवळ.

मी बघितलं, गाडी उभी. चहा गाळला, बघितलं, गाडी उभी. लेटचा आकडा पंधराचा सतरा झाला. पोळी भाजी डब्यात भरली, एकोणीस झाला. मी मनात म्हटलं, पुढं लाईन मिळाली नसेल, आज काही खरं नाही या गाडीचं. मी जितका उशीर करत होते तितकी ती लेट होत होती, आणि मला वाटत होतं, की आज नशीब जोरावर आहे.

तेवढ्यात काकांचा फोन, पोरीच्या मोबाईलवरून, तिनंच लावून दिलेला. एरवी ते फोन करत नाहीत. "जय भीम, ताई. जरा तुमच्या मोबाईलमधी बघा बरं, गाडी कुठाय. पोरगी आलीया, नातू आलाय. फोटो काढू म्हणत्यात, मला बसवून. मी म्हणलं, ताईला इचारतो."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा काका मोबाईलला विचारत होते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी अगदी मास्तरीण झाले. "काका, निवांत फोटो काढा. गाडी माझ्या घरामागं अडकलीय. हलली की मी फोन करते. वीस मिनिटं तरी कुठं जात नाही."

"व्हय ना? नक्की?"

"काका, मी स्क्रीनवर बघतेय."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याच मिनिटाला घरामागून गाडी गेली. हॉर्न वाजवत, खिडक्या हलवत. सासूबाई गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तुझी गाडी गेली की."

मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "ती नाही, आई. ती दुसरी असेल."

"अगं, डबे निळे होते. माणसं दारात बसली होती. मालगाडीत माणसं बसतात होय?"

"आई, माझी गाडी उभी आहे. हे बघा," म्हणत मी मोबाईल नेऊन त्यांना दाखवला. त्यांनी मोबाईलकडं बघितलं, मग रिकाम्या रुळांकडं बघितलं. "उभी आहे तर दिसत का नाही?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडी पुढंमागं असेल. त्या कढीपत्त्याकडं वळल्या. सुनेशी सकाळी सकाळी वाद घालायचा नाही, असा त्यांचा नियम आहे.

ग्रुपवर बँकवाल्यांचा मेसेज आला, गाडी सुटली. ते मेन स्टेशनला चढतात. मी लिहिलं, चूक, गाडी गारखेड्याच्या मागं उभी आहे, अ‍ॅप बघा. त्यांनी लिहिलं, ताई, मी गाडीत बसलोय. मी लिहिलं, मग तुम्ही दुसऱ्या गाडीत बसलात. पाच मिनिटं त्यांच्याकडून काही नाही. नंतर कळलं, की त्या माणसानं घाबरून शेजाऱ्याला विचारलं होतं, ही जालन्याचीच ना? शेजारी हो म्हणाला. तरी त्यांनी तिसऱ्यालाही विचारलं. माझ्या शब्दाला ग्रुपात तेवढं वजन होतं.

मी स्कूटी काढली. मोबाईल पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, स्क्रीन वर. गंमत बघा, मी निघाले आणि गाडीही निघाली. मी काकांच्या पोरीच्या नंबरवर फोन लावला, "काका, हलली, या." जालना रोडच्या सिग्नलला मी थांबले, वाकून बघितलं, गाडीही थांबली. सिग्नल सुटला, गाडी सुटली. मला वाटलं, आज आमचं दोघींचं चांगलं जमलंय. आता स्वतःच्या डोक्याची कीव येते, पण तेव्हा मी स्कूटीवर चक्क गुणगुणत होते.

मुकुंदवाडीच्या फलाटावर मी आणि काका एकाच वेळी पोचलो. काकांनी नवा पांढरा शर्ट घातलेला, खिशाला पोरीनं लावलेलं गुलाबाचं फूल, हातात पेढ्याचा पुडा. फलाटावर आमच्या दोघांशिवाय एक म्हातारी आणि दोन शेळ्या.

"कुठाय गाडी?" काकांनी विचारलं.

मी मोबाईल बघितला. "आली."

काकांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "कुठं आली?"

"मुकुंदवाडीला. आत्ता आली, म्हणतंय."

मी गाडी बघायला फलाटाच्या टोकाकडं चालायला लागले. मोबाईलमधला गाडीचा ठिपकाही हळूच चालायला लागला. मी थांबले, तो थांबला. मी चार पावलं मागं आले. काका माझ्या मागून स्क्रीनकडं बघत होते. ते अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, गाडी तुमच्या हातात हाय व्हय?"

 तेव्हा मला आठवलं, की दूध बघताना त्या गाडीत आहात का या प्रश्नाला मी हो म्हटलं होतं. मी तिथंच बाकावर बसले. काकांच्याच बाकावर. म्हातारी म्हणाली, "पाशींजर तर कवाच गेली, बाय."

"काका, तुम्हाला आवाज आला नाही गाडीचा?" मी विचारलं. खरं तर माझी चूक त्यांच्यावर ढकलायचा तो भिकार प्रयत्न होता.

"आला की. मी उठलो बी. पोरगी म्हणली, बाबा बसा, फोटो हलतोय. मंग म्हणलं, ताई म्हणली ना, उभी हाय." त्यांनी एक कान चोळला. "माझं कान आता म्हातारं झालं, असं वाटलं मला."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. रडू आलं आणि रागही आला, मोबाईलचा, स्वतःचा, त्या दोन शेळ्यांचा सुद्धा. काका किल्लीचा खिसा चाचपत उभे होते. सव्वानऊला पोचणारी गाडी गेली होती. पुढची गाडी दुपारच्या जेवणाआधी जालन्याला सोडत नव्हती.

आणि मोबाईल वाजला. बँकवाले. "ताई, तुमचं बरोबर असेल बुवा. गाडी उभीच आहे."

"कुठं?"

"करमाडला. समोरून एक्स्प्रेस यायचीय म्हणे, क्रॉसिंग आहे. दहा मिनिटं झाली, अजून सिग्नल नाही."

आमची लाईन एकेरी. समोरून गाडी यायची असली, की एकीनं स्टेशनात बाजूला उभं राहायचं. रोज त्या क्रॉसिंगला मी शिव्या घालते. त्या दिवशी त्या एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरला मनातून साष्टांग दंडवत घातला. मी अ‍ॅप उघडलं, गाडीत नाही असं त्याला आधी सांगितलं, मग मोबाईल काकांच्या हातात दिला आणि म्हटलं, "काका, बसा मागं. फोन आला की मला सांगा. आज अ‍ॅप नाही, माणूस बघायचा."

पंचेचाळीस वर्षांची बाई आणि साठ वर्षांचे शिपाई, मध्ये पेढ्याचा पुडा, अशी आमची स्कूटी जालना रोडनं निघाली. चिकलठाणा गेलं. ट्रकवाले आम्हाला ओव्हरटेक करताना वळून बघत होते. काकांना मोबाईलवर आलेला फोन उचलता येत नव्हता. वाजला की ते घाबरून माझ्या खांद्यावरून पुढं धरायचे आणि मी एका बोटानं हिरवं दाबायचे. बँकवाले दर तीन मिनिटांनी सांगत होते, उभी आहे. उभी आहे. अजून उभी आहे. मग एकदा म्हणाले, "ताई, एक्स्प्रेसचा आवाज येतोय."

"सायब, गाडी धरून ठिवा," काका फोनमध्ये ओरडले.

"कशी धरू, काका? ती रेल्वेची आहे."

करमाड स्टेशनात मी स्कूटी एका चहाच्या टपरीपुढं टाकली, लावली म्हणता येणार नाही. टपरीवाल्याला म्हटलं, संध्याकाळी नेते. शेजारच्या लाईनवरून एक्स्प्रेस धडधडत गेली. आमची पॅसेंजर समोर उभी होती, खरीखुरी, निळी, दारात माणसं बसलेली. बँकवाले दारातून लटकून हात हलवत होते. आम्ही पळालो. काका माझ्यापुढं पळाले, हे सांगायला हवं. चढलो तेव्हा गाडी हलली. बँकवाल्यांनी घाम पुसत मला विचारलं, "ताई, आता चालू आहे ना? नाही, एकदा विचारून घेतो." त्या म्हणण्याचा जन्म तिथला.

अ‍ॅप म्हणत होतं, गाडी चाळीस मिनिटं लेट. या वेळी खरं बोलत होतं.

बदनापूरच्या पुढं साहेबांचा फोन आला. आमचे साहेब अकराच्या आत कधी येत नाहीत. पण निरोप समारंभ म्हणून त्या दिवशी साडेनऊला आले होते, आणि दाराला कुलूप. "सगळा स्टाफ पायऱ्यांवर बसलाय. कागदांच्या नकला घ्यायला लोक आलेत. काका कुठं आहेत?"

"सोबत आहेत, साहेब. दुसरी किल्ली असेल ना आपल्याकडं?"

 "दुसरी किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे," ते म्हणाले. ड्रॉवर कुलपाच्या आत होता.

आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा दहाला एक मिनिट कमी होतं. पायऱ्यांवर सगळे बसलेले, मधोमध साहेब, रुमाल अंथरून.  काका पायऱ्या चढले, कुलूप उघडलं, मग आत जाऊन आधी खिडक्या उघडल्या. फडकं घेतलं, साहेबांचं टेबल पुसलं. सगळं झाल्यावर किल्ली साहेबांपुढं ठेवली आणि म्हणाले, "सायब, लेटमार्क लावा. एकतीस वर्षांत एक. एकानं पेन्शन काय आडत नाय."

मी पुढं झाले. "साहेब, चूक माझी आहे. काका वेळेवर निघणार होते, मी त्यांना थांबवलं." आणि सगळं सांगितलं. ओट्यावरची गाडी, सासूबाई, सिग्नल, शेळ्या. स्टाफ हसून हसून खाली बसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचे लेटमार्क किती झाले, मॅडम?"

मी टेबलावरच्या किल्लीकडं बघत राहिले.

"नवीन शिपाई कधी येईल सांगता येत नाही," साहेब म्हणाले, आणि ती किल्ली उचलून माझ्या हातात ठेवली. "उद्यापासून साडेनऊला उघडायचं."

मी काकांकडं बघितलं. ते पेढे वाटत होते, आणि मला वाटतं, आतून हसत होते.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. नवीन शिपाई अजून आला नाही. किल्ली माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असते, मोबाईल बाहेरच्या. माझा एकही लेटमार्क नाही, आणि त्याचं श्रेय अ‍ॅपचं नाही. रोज सकाळी पावणेआठला माझा फोन वाजतो. काका आता मोबाईल उचलायला आणि लावायला, दोन्ही शिकलेत. पास नाही, कचेरी नाही, तरी ते रोज त्या बाकावर जाऊन बसतात. म्हणतात, घरी करमत नाही. "जय भीम, ताई. अजून आवाज नाय. पर निघा तुम्ही." मी निघते. सासूबाई गॅलरीतून काही सांगत असल्या, तर तेही ऐकून निघते.

परवा ते म्हणाले, "ताई, आज खरंच लेट हाय. पाटीवर लिहिलंय, वीस मिनिटं. च्या घ्या निवांत." मी चहा थर्मासमध्ये भरला आणि लगेच निघाले. फलाटावर आम्ही दोघं बाकावर बसून चहा घेतला. काका मध्येच बोलणं थांबवून मान तिरकी करायचे आणि ऐकायचे. मला काहीच ऐकू येत नव्हतं. "अजून नाय," ते म्हणायचे, आणि आम्ही पुन्हा बोलायला लागायचो.